ट्रेबुशे प्रतिकृती : प्रतिभार आणि भुजांचे प्रायोगिक जुळवणे

ट्रेबुशे हे जड प्रतिभार खाली पडू देऊन दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या गोफणीतून गोळा फेकणारे मध्ययुगीन वेढायंत्र होय. यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्याची लहान प्रतिकृती बनवतात, तेव्हा प्रतिभार व गोळा यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर आणि आसापासून दोन्ही बाजूंच्या भुजांची लांबी वारंवार प्रयोग करून ठरवावी लागते.

या प्रयोगात नुसता पल्ला मोजणे फसवे ठरते. प्रतिभाराची सर्व स्थितिज ऊर्जा गोळ्याला मिळाली, गोळा ४५ अंशांत सुटला आणि हवेचा रोध नसला, तर पल्ला R = 2(M/m)h इतका येतो. येथे M प्रतिभाराचे व m गोळ्याचे वस्तुमान असून h ही प्रतिभार पडण्याची उंची आहे. समजा, दांडा ६० सेंमी, प्रतिभार ३ किलो व गोळा ३० ग्रॅमचा आहे आणि आखूड भुजा सुरुवातीला क्षितिजाच्या वर ४५ अंशांत आहे. आस सरकवून लांब व आखूड भुजांचे गुणोत्तर ४:१ ठेवल्यास h सुमारे २०.५ सेंमी व आदर्श पल्ला ४१ मीटर येतो. ३:१ ठेवल्यास तोच ५१ मीटर होतो. दोन्ही मांडण्यांनी गोळा २२ मीटर फेकला, तर पहिलीची कार्यक्षमता ५४ टक्के आणि दुसरीची केवळ ४३ टक्के ठरते.

लांब भुजा वाढवत नेली की दांड्याचे स्वतःचे जडत्व आडवे येते. वरील ४:१ मांडणीत सर्वत्र सारख्या जाडीचा १५० ग्रॅमचा दांडा घेतला, तर आसाभोवती त्याचे जडत्व आघूर्ण टोकावर धरलेल्या गोळ्याच्या आघूर्णापेक्षाही अधिक भरते. म्हणून गोफणीकडील टोक निमुळते करणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी बदल असतो. प्रतिभार वाढवला की पल्ला वाढतो, पण क्रमाक्रमाने कमी प्रमाणात, कारण जड प्रतिभार जवळजवळ मुक्तपणे पडतो आणि बरीच गतिज ऊर्जा स्वतःजवळच राखतो. गोळा सुटल्यावरही प्रतिभार जोराने झुलत राहिला व चौकट हादरली, तर ऊर्जा तेथेच अडकली असे समजावे. चांगल्या मांडणीत गोळा सुटताना दांडा उभा येऊन प्रतिभार जवळजवळ थांबलेला दिसतो. मोबाइलच्या मंदगती चित्रीकरणात हे सहज तपासता येते.

प्रत्येक बदलाबरोबर गोळा सुटण्याचा क्षणही बदलतो, आणि विद्यार्थ्यांच्या तुलना येथेच सर्वाधिक बिघडतात. गोळा उंच किंवा मागे गेला, तर तो लवकर सुटला. समोर जमिनीवर आदळला, तर उशिरा. टोकावरचा खिळा सरळ केल्यास गोफणीची कडी लवकर निसटते, पुढे वाकवल्यास उशिरा. त्यामुळे भुजा किंवा भार बदलल्यावर प्रथम खिळा नव्याने जुळवावा, न ताणणारी दोरी वापरावी, एकाच मांडणीत किमान पाच फेकी घेऊन मध्यक नोंदवावा आणि मगच दोन मांडण्यांची तुलना करावी. फेकींतील विखुरणे दोन मांडण्यांमधील फरकाएवढेच असेल, तर त्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.