स्पॅनिशमधला ‘इ’ कुठे अडतो आणि ‘ए’ का उरतो

स्पॅनिशमध्ये ‘आणि’साठी ‘इ’ हा एका अक्षराचा शब्द आहे. तो इंग्रजीतल्या वाय या अक्षराने लिहितात. ‘किंवा’साठी ‘ओ’ आहे. शिकायला लागल्यावर काही आठवड्यांतच नियम कानावर पडतो : पुढचा शब्द ‘इ’ ध्वनीने सुरू होत असेल तर ‘इ’चा ‘ए’ करायचा, आणि पुढे ‘ओ’ असेल तर ‘ओ’चा ‘उ’. म्हणून ‘फेर्नांदो इ इसाबेल’ नव्हे, ‘फेर्नांदो ए इसाबेल’. सात किंवा आठ म्हणायचे तर ‘सिएते उ ओचो’. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते. पण ‘इ’चा ‘ए’ होतो, ही मांडणी इतिहासाच्या उलट आहे. दोघांत ‘ए’ हाच थोरला. ‘इ’ नंतर आला, बाकी सगळी जागा व्यापून बसला, आणि जिथे त्याला शिरताच आले नाही तिथे जुना ‘ए’ टिकून राहिला.

दोन्हींचे मूळ एकच, लॅटिनमधला ‘एत्’. शेवटचा ‘त्’ गळाला आणि मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशच्या जुन्या रूपात, ‘ए’ उरला. तेराव्या शतकात राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारी जो प्रचंड गद्यसंभार तयार झाला, त्यात ‘आणि’साठी बहुधा ‘ए’, ‘एत्’ किंवा इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसणारी लेखनिकांची एक खूण सापडते. मात्र या शब्दावर आघात नसतो, तो पुढच्या शब्दाला चिकटून बोलला जातो. पुढे स्वर आला की असा आघातहीन ‘ए’ पटकन बोलताना निसटता होतो आणि ‘य’कडे झुकतो. स्वरांपूर्वी असा तयार झालेला ‘इ’ हळूहळू व्यंजनांपूर्वीही वापरात आला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्याने ‘ए’ला जवळजवळ सगळीकडून हटवले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या काळात, दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती.

एका जागी मात्र ‘इ’ची गाडी अडली. ‘इ इसाबेल’ भरभर म्हणून पाहा. दोन ‘इ’ एकमेकांत मिसळतात आणि ‘आणि’ नाहीसाच होतो. मराठीच्या संधीत ‘कवि’ आणि ‘इच्छा’ मिळून ‘कवीच्छा’ झाले तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही शब्द ओळखू येतात. इथे पहिला शब्द म्हणजे केवळ तो एक स्वरच. तोच विरघळला तर जोडायचे काम कोण करणार? असा शब्द ऐकू यायचा तर वेगळा स्वर हवा, आणि तो भाषेच्या हाताशी आधीपासूनच होता.

अर्थात हे एका दिवसात ठरले नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या लिखाणात ‘इ’पुढे ‘इ’ ठेवलेलाही दिसतो, आणि त्यात ‘एच’ या अक्षराचा मोठा वाटा आहे. ‘मुलगा’ या अर्थाचा ‘इहो’ आज ‘एच’ने लिहितात पण ‘एच’ उच्चारत नाहीत. हा शब्द लॅटिन ‘फिलिउस’पासून आला. जुन्या कास्तिलियनमध्ये तो ‘फ’ने लिहीत, पुढे त्या ‘फ’चा ‘ह’ झाला आणि तो ‘ह’ बराच काळ खरोखर ऐकू येत होता. ‘ह’ उच्चारणाऱ्याच्या तोंडी ‘पाद्रे इ हिहो’ म्हणजे ‘बाप आणि मुलगा’ यात काहीच अडचण नव्हती, कारण दोन स्वरांच्या मध्ये व्यंजन होते. ते व्यंजन मूक झाले आणि अडचण उभी राहिली. आजचे बिनचूक रूप ‘पाद्रे ए इहो’. ‘सुई आणि दोरा’मधला दोरा, म्हणजे ‘इलो’, हाही ‘फ’वाल्या ‘फिलुम’चाच वंशज, म्हणून ‘आगुहा ए इलो’. याउलट ‘इस्तोरिआ’ म्हणजे इतिहास या शब्दाच्या ‘एच’ला स्पॅनिशमध्ये कधीच आवाज नव्हता. ‘भूगोल आणि इतिहास’ हा विषय ‘हेओग्राफिआ ए इस्तोरिआ’ असाच लिहिला जातो.

मराठी विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक इथेच होते. डोळ्यांना ‘एच’ दिसतो, जीभ ‘ह’ म्हणायला तयार होते, आणि व्यंजन आहे असे समजून ‘इ’ तसाच ठेवला जातो. यावर सोपा उपाय असा की, पुढचा शब्द आधी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहायचा. देवनागरीत तो ‘इ’ने सुरू झाला तर ‘ए’, ‘ओ’ने सुरू झाला तर ‘उ’. रोमन लिपीत लपलेली गोष्ट आपल्या लिपीत लगेच समोर येते.

याच उपायाने अपवादही उलगडतात. बर्फाचा शब्द ‘एच-आय-ई’ने सुरू होतो, पण उच्चार ‘येलो’ असा. इथला ‘इ’ पुढच्या ‘ए’शी जोडला जाऊन ‘य’ बनला आहे, तो मोकळा स्वर राहिलेला नाही. म्हणून ‘पाणी आणि बर्फ’ हे ‘आग्वा इ येलो’ असेच राहते. गवताला ‘येर्बा’ म्हणतात आणि तो शब्द ‘एच-आय’ने तसाच नुसत्या ‘वाय’नेही लिहिता येतो. दोन्ही स्पेलिंगे कोशात आहेत, म्हणजे ‘य’चा उच्चार किती पक्का आहे ते कळते. नियम नवा नवा शिकलेला माणूस उत्साहाने ‘ए येलो’ लिहितो, ती चूक. काही शब्द मात्र सीमेवरच आहेत. विसंधी, म्हणजे लगतचे दोन स्वर न मिसळता वेगळे राहणे, या अर्थाचा व्याकरणातला शब्द काही जण ‘इ-आ-तो’ असा तोडून म्हणतात, काही ‘या-तो’ असा जोडून. पहिल्यांना ‘ए’ हवा, दुसऱ्यांना ‘इ’, आणि स्पॅनिश अकादमी दोन्ही मान्य करते. नियम अक्षराचा नसून कानाचा आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आपल्या देशाच्या नावावर हा नियम घासून पाहता येतो. स्पॅनिशमध्ये ते ‘इंदिआ’ असेही येते आणि ‘ला’ हे उपपद लावून ‘ला इंदिआ’ असेही. उपपद नसेल तर ‘चीन आणि भारत’ हे ‘चिना ए इंदिआ’. उपपद असेल तर ‘चिना इ ला इंदिआ’, कारण आता ‘आणि’च्या लगेच पुढे ‘ल’ आहे. क्रम उलटवून ‘इंदिआ इ चिना’ केले तरी ‘इ’ परत येतो. विशेषण मध्ये घातले तरी तोच हिशेब. मजकूर दुरुस्त करताना एखादा शब्द घालतात किंवा काढतात, पण त्याआधीच्या ‘आणि’कडे पुन्हा पाहायचे राहून जाते, आणि छापील मजकुरातल्या पुष्कळ चुका तिथे जन्मतात.

मागचा शब्द कशाने संपतो याला मात्र काडीचे महत्त्व नाही. ‘इथे आणि तिथे’ला ‘आकी इ आया’ म्हणतात. ‘आकी’च्या शेवटी आघातासह ‘इ’ आहे, तरी पुढचा ‘इ’ बदलत नाही. ‘पाद्रे ए इहो’मध्ये तर उलट दोन ‘ए’ शेजारी येतात, तेही चालते. शब्द पुढच्याला चिकटतो, म्हणून तो पुढचीच काळजी घेतो. हा चिकटपणा सुटला की नियमही सुटतो. ‘आणि इनेसचं काय?’ असे विचारताना स्पॅनिश माणूस ‘इ इनेस?’ म्हणतो, ‘ए इनेस?’ नव्हे. प्रश्नाच्या सुरुवातीचा हा ‘इ’ दोन शब्द जोडत नाही, त्यावर स्वतःचा आघात असतो, म्हणून तो विरघळण्याची भीतीच नाही.

‘किंवा’ची कथा छोटी आहे. लॅटिन ‘आउत्’चा ‘ओ’ झाला. मध्ययुगात त्याच्या जोडीला ‘उ’ही फिरत होता, पण पुढे तो फक्त ‘ओ’च्या आधी उरला. ‘बाई किंवा पुरुष’ हे ‘मुहेर उ ओम्ब्रे’. पुरुषवाचक शब्दही ‘एच’नेच लिहितात, तेव्हा इथेही तोच सापळा. यात सर्वांत जास्त घोटाळा आकड्यांत होतो. ‘७ किंवा ८’, ‘१० किंवा ११’, ‘७० किंवा ८०’ आकड्यांत लिहिले की ‘ओ’ डोळ्यांना दिसतच नाही. पण आठ म्हणजे ‘ओचो’, अकरा म्हणजे ‘ओन्से’, ऐंशी म्हणजे ‘ओचेंता’, म्हणून तिन्ही ठिकाणी ‘उ’. ‘८ किंवा ९’ला मात्र ‘ओ’, कारण नऊ म्हणजे ‘नुएवे’. आकडा मनातल्या मनात वाचल्याशिवाय ‘किंवा’ लिहूच नये.

आकड्यांमुळेच आणखी एक जुनी खूण बराच काळ तगली. एकेकाळी ‘ए’, ‘ओ’, ‘उ’ या एकाक्षरी शब्दांवर आघातचिन्ह देत असत. अकादमीने १९११ मध्ये ते काढले, पण दोन आकड्यांमधल्या ‘ओ’वर राहू दिले. हातच्या लिखाणात ‘ओ’ आणि शून्य सारखेच दिसतात आणि ‘१० किंवा १२’ची भलतीच मोठी संख्या वाचली जाईल, ही भीती होती. टंकलेखनात शून्य उंच आणि ‘ओ’ बुटका, शिवाय दोन्ही बाजूंना मोकळी जागा. त्यामुळे २०१० च्या लेखननियमांत तेही चिन्ह गेले. जुनी पुस्तके वाचताना ते दिसले तर छपाईची चूक समजू नये.

‘इ’च्या अक्षरावरही वाद झाला. १८१५ मध्ये अकादमीने ‘राणी’सारख्या शब्दांतला स्वरवाचक ‘वाय’ काढून ‘आय’ घातला, पण ‘आणि’साठी आणि शब्दान्ती ‘वाय’ ठेवला. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेय्यो यांनी १८२३ मध्ये हुआन गार्सिआ देल रिओ यांच्यासह सुचवले की, स्वर असेल तिथे सरळ ‘आय’च लिहावा. त्यांच्या विचारांवर आधारलेले लेखन चिलीमध्ये १८४४ पासून १९२७ पर्यंत चालले आणि तिथल्या त्या काळच्या पुस्तकांत ‘आणि’ हा नुसता ‘आय’ आहे. उच्चार तोच राहिला, बदलले ते फक्त चिन्ह.

शेजारच्या पोर्तुगीजने याच ‘एत्’चे वेगळे केले. लिहिताना ‘ए’ हे अक्षर कायम ठेवले आणि उच्चार ‘इ’कडे नेला. ‘गोवा, दमण आणि दीव’ या प्रदेशाच्या पोर्तुगीज नावात हाच ‘ए’ आहे. तिथे पुढे कोणताही स्वर आला तरी अक्षर बदलत नाही. गोव्यातली जुनी पोर्तुगीज कागदपत्रे वाचणाऱ्याने स्पॅनिशचा नियम तिथे लावू नये.

स्पॅनिशमध्ये याच जातीचा आणखी एक उरलेला तुकडा आहे. पाणी, ‘आग्वा’, हा स्त्रीलिंगी शब्द, तरी त्यापुढे ‘एल’ हे पुल्लिंगी दिसणारे उपपद येते. लॅटिन ‘इल्ला’पासून ‘एला’ झाले. व्यंजनापूर्वी त्याचा ‘ए’ गळून ‘ला’ उरला, स्वरापूर्वी शेवटचा ‘आ’ गळून ‘एल’. म्हणजे हा ‘एल’ स्त्रीलिंगीच आहे, पुल्लिंगी ‘एल’सारखा फक्त दिसतो. पूर्वी तो कोणत्याही स्वरापूर्वी येई, म्हणून जुन्या ग्रंथांत ‘तलवार’ या अर्थाच्या ‘एस्पादा’पूर्वीही ‘एल’ सापडतो. आता फक्त आघातयुक्त ‘आ’पूर्वी. अनेकवचनात ‘लास आग्वास’, मध्ये विशेषण आले की ‘ला मिस्मा आग्वा’, आणि ‘हे पाणी’ म्हणताना ‘एस्ता आग्वा’. इथे ‘एस्ते आग्वा’ ही चूक स्पॅनिश मातृभाषा असलेलेही सर्रास करतात. ‘एल’ दिसला की शब्द पुल्लिंगी, असे त्यांच्याही कानाने धरलेले असते.