पाउलिंगचे नियम

पाउलिंगचे नियम : आयनिक स्फटिकांत धनायनांभोवती ऋणायनांची कोणती मांडणी स्थिर ठरते, हे सांगणारे पाच नियम. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी ते १९२९ मध्ये एकत्रितपणे मांडले. सिलिकेट खनिजांची संरचना क्ष-किरण विवर्तनाने ठरवताना अणूंच्या संभाव्य मांडण्या इतक्या निघत की त्या सर्व तपासणे त्या काळी अशक्य होते. त्यांपैकी अग्राह्य मांडण्या आधीच वगळता याव्यात, हा या नियमांचा मूळ उपयोग. ते अनुभवावर आधारलेले आहेत आणि स्थिरविद्युत आकर्षण-प्रतिकर्षणाच्या विचाराने त्यांना आधार दिलेला आहे.

उगमाविषयी थोडे मतभेद आहेत. ऑक्सिजन आयनांची दाट रचना आणि तिच्या पोकळ्यांत बसलेले धनायन, हे चित्र डब्ल्यू. एल. ब्रॅग व त्यांचे मँचेस्टर येथील सहकारी १९२९ पूर्वीच वापरत होते. आयनांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तरावरून समन्वयांक, म्हणजे धनायनाला लगटून असलेल्या ऋणायनांची संख्या, ठरवण्याची कल्पना बहुधा व्ही. एम. गोल्डश्मिट यांच्या नावावर सांगितली जाते; मात्र ह्यूटिग (१९२०) आणि मॅग्नस (१९२२) यांनी ती त्यांच्याआधी मांडली होती. स्वतः पाउलिंग यांनी जे. एच. स्टर्डिव्हंट यांच्यासह ब्रुकाइट या टायटेनियम डायऑक्साइडच्या खनिजाची संरचना १९२८ मध्ये याच विचारसरणीने सोडवली. तेव्हा १९२९ हे वर्ष नियमांच्या शोधाचे नव्हे, तर त्यांच्या सुसंगत मांडणीचे मानणे अधिक योग्य वाटते. दुसऱ्या नियमाचे श्रेय मात्र सर्वसाधारणपणे पाउलिंग यांनाच दिले जाते.

पहिल्या नियमानुसार प्रत्येक धनायनाभोवती ऋणायनांची बहुफलकी तयार होते. धनायन-ऋणायन अंतर दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेवरून आणि समन्वयांक त्रिज्यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. ऑक्साइडांत सिलिकॉनभोवती सहसा चतुष्फलक आणि मॅग्नेशियमभोवती अष्टफलक आढळतो.

दुसरा नियम स्थिरविद्युत संयुजेचा. धनायनाचा विद्युत्भार त्याच्या समन्वयांकाने भागला की प्रत्येक बंधाचे स्थिरविद्युत बंधबल मिळते. चार ऑक्सिजनांमधील सिलिकॉनचे बंधबल ४/४ म्हणजे १, सहा ऑक्सिजनांमधील मॅग्नेशियमचे २/६ म्हणजे १/३. एखाद्या ऋणायनापर्यंत पोहोचणाऱ्या सर्व बंधबलांची बेरीज त्या ऋणायनाच्या भाराइतकी, ऑक्सिजनसाठी २, भरली पाहिजे. फोर्स्टेराइटमध्ये (Mg2SiO4) प्रत्येक ऑक्सिजनला एक सिलिकॉन आणि तीन मॅग्नेशियम जोडलेले असतात. बेरीज १ + ३ × १/३ = २, म्हणजे तंतोतंत. भार जवळच्या शेजाऱ्यांतच फिटतो आणि दूरवर असमतोल उरत नाही, हे या नियमाचे मर्म.

असे उदाहरण पाठ्यपुस्तकांत हमखास असते, पण नियमाची खरी पारख डायॉप्साइडमध्ये (CaMgSi2O6) होते. डायॉप्साइड हे पायरॉक्सीन गटातील खनिज असून त्याची संरचना वॉरेन आणि ब्रॅग यांनी १९२८ मध्ये ठरवली. याच गटातील ऑजाइट हे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे (बेसाल्टचे) एक प्रमुख घटक खनिज आहे. डायॉप्साइडमध्ये ऑक्सिजनच्या तीन वेगळ्या जागा आहेत. मॅग्नेशियमचा समन्वयांक ६ (बल १/३) आणि कॅल्शियमचा ८ (बल १/४). पहिल्या जागेवरील ऑक्सिजनला एक सिलिकॉन, दोन मॅग्नेशियम आणि एक कॅल्शियम जोडलेले आहेत, बेरीज १.९२. दुसऱ्या जागेवर एक सिलिकॉन, एक मॅग्नेशियम आणि एक कॅल्शियम. बेरीज केवळ १.५८. तिसरा ऑक्सिजन दोन चतुष्फलकांना जोडणारा, म्हणून त्याला दोन सिलिकॉन आणि दोन कॅल्शियम, बेरीज २.५०. सरासरी २ येते, पण जागोजागी तूट किंवा वाढावा राहतो.

तरीही डायॉप्साइड स्थिर आहे. कारण बंधांची लांबी या असमतोलानुसार बदलते. तुटीच्या ऑक्सिजनकडे जाणारा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सुमारे १.५९ अँगस्ट्रॉमपर्यंत आखूड होतो, तर वाढाव्याच्या ऑक्सिजनकडील बंध १.६६ ते १.६९ अँगस्ट्रॉमपर्यंत लांबतात. कॅल्शियमचेही तसेच : पहिल्या दोन प्रकारच्या ऑक्सिजनांशी अंतर सुमारे २.३६, पण तिसऱ्याशी २.५६ आणि २.७२. म्हणजे समान बंधबल गृहीत धरणे हीच मूळ नियमातील मर्यादा. पुढे ब्राउन आणि शॅनन (१९७३) यांनी बंधबल लांबीवर अवलंबून ठेवले, आणि ब्राउन आणि आल्टरमाट (१९८५) यांनी त्यासाठी पुढील सूत्र रूढ केले :

s = exp[(R0 − R)/0.37]

येथे R ही बंधाची अँगस्ट्रॉममधील लांबी आणि R0 हा त्या आयनजोडीचा स्थिरांक. टायटेनियम-ऑक्सिजनसाठी R0 = १.८१५ घेतल्यास १.९६ अँगस्ट्रॉमच्या बंधाचे बल सुमारे ०.६८ येते, भार ४ आणि समन्वयांक ६ यांवरून मिळणाऱ्या ४/६ शी ते जवळपास जुळते.

तिसऱ्या नियमानुसार बहुफलकींनी कडा सामायिक केल्या, आणि विशेषतः फलक सामायिक केले, तर स्थिरता घटते. कारण केंद्रातील धनायन एकमेकांजवळ येतात. नियमित चतुष्फलकांचा एक कोपरा सामायिक असताना केंद्रांमधील जास्तीत जास्त अंतर १ धरले, तर कडा सामायिक असताना ते ०.५८ आणि फलक सामायिक असताना ०.३३ होते. अष्टफलकांसाठी हेच आकडे ०.७१ आणि ०.५८. म्हणून अष्टफलकांची सामायिक कडा सर्रास दिसते, सिलिकॉनच्या चतुष्फलकांची जवळजवळ नाहीच. ऑक्सिजनऐवजी गंधक असेल तर हे अंतर वाढते. सिलिकॉन डायसल्फाइडमध्ये चतुष्फलक खरोखरच कडांनी जोडलेले असतात.

सामायिक कडेची खूण तिच्या लांबीत दिसते. धनायन परस्परांपासून दूर सरतात, आणि त्यांच्यामधले ऋणायन जवळ येऊन आड राहतात. टायटेनियम डायऑक्साइडच्या रूटाइल या रूपात सामायिक कडा सुमारे २.५ अँगस्ट्रॉम, इतर कडा २.८ ते ३.० च्या दरम्यान. या ऑक्साइडच्या तीन रूपांत प्रत्येक अष्टफलकाच्या सामायिक कडा रूटाइलमध्ये २, ब्रुकाइटमध्ये ३ आणि अ‍ॅनाटेसमध्ये ४ असतात. तापवल्यास अ‍ॅनाटेस आणि ब्रुकाइट दोन्ही रूटाइलमध्ये बदलतात, हे नियमाशी जुळते. कोरंडममध्ये मात्र अ‍ॅल्युमिनियमचे अष्टफलक फलकही सामायिक करतात आणि तरीही ते अत्यंत स्थिर खनिज आहे.

चौथा नियम : जास्त भार व कमी समन्वयांक असलेल्या धनायनांच्या बहुफलकी परस्परांत कोपरे, कडा किंवा फलक सामायिक करण्याचे टाळतात. फोर्स्टेराइटमधील सुटे SiO4 चतुष्फलक हे त्याचे उदाहरण. पाचवा नियम : स्फटिकात मूलतः वेगळ्या संरचनात्मक घटकांची संख्या कमी राहते. तो सर्वांत सैल आहे.

तिसऱ्या नियमाचे कारण केवळ प्रतिकर्षण आहे का, याबद्दल एकमत नाही. बर्डेट आणि मॅकलार्नन यांनी १९८४ मध्ये सहसंयुजी कक्षकांच्या आधारेही हेच निष्कर्ष निघू शकतात असे दाखवले. नियम लागू पडतात, पण त्यावरून बंध शुद्ध आयनिक असल्याचे सिद्ध होत नाही, असा याचा अर्थ घेणे सुरक्षित. २०२० मध्ये जनीन जॉर्ज व सहकाऱ्यांनी सुमारे ५,००० ऑक्साइडांची तपासणी केली, तेव्हा शेवटचे चार नियम एकाच वेळी पाळणारी केवळ १३ टक्के निघाली.

दुसऱ्या नियमाचा उपयोग मात्र टिकून आहे, विशेषतः हायड्रोजन शोधताना. क्ष-किरणांना हायड्रोजन क्वचितच स्पष्ट दिसतो. ब्रूसाइटमध्ये प्रत्येक ऑक्सिजनला तीन मॅग्नेशियम जोडलेले आहेत. बेरीज १ च येते, त्यामुळे तो ऑक्सिजन हायड्रॉक्सिलचा असणार हे उघड होते. बेरीज शून्याजवळ आली, तर तेथे पाण्याचा रेणू समजतात. डायॉप्साइडमधील १.५८ सारखी बेरीज पाहून हायड्रोजन गृहीत धरणे मात्र चूक. त्याआधी प्रत्यक्ष बंधलांबी घेऊन बेरीज पुन्हा करावी लागते.