‘जुना आजार लपवला’ म्हणून आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला? अपिलात काय लिहायचं आणि कोणता कागद जोडायचा

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतून येणारे बरेच क्लेम एका ओळीवर अडकतात. रुग्ण रात्री-बेरात्री दाखल होतो, ड्युटीवरचा डॉक्टर सोबतच्या नातेवाइकाला विचारतो, ‘‘बीपी-शुगर आहे का? किती वर्षं?’’ घाबरलेला पुतण्या अंदाजानं सांगतो, ‘‘असेल चार-पाच वर्षं.’’ केस पेपरवर तसं लिहिलं जातं, तिथून ते डिस्चार्ज कार्डावर उतरतं आणि महिनाभरानं कंपनीचं पत्र येतं की, पॉलिसी घेण्याआधीचा आजार तुम्ही कळवला नाही, क्लेम नामंजूर.

यावर लोक जे अपील पाठवतात ते बहुतेक वेळा विनंतीपत्र असतं. घरची परिस्थिती, काढलेलं कर्ज, इतकी वर्षं भरलेले हप्ते. सगळं खरं असतं, पण कंपनीच्या निर्णयाला त्यातलं काहीच लागू पडत नाही. अपिलानं एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं असतं : पॉलिसी सुरू झाली त्या तारखेआधी हा आजार होता, हे कंपनी कशावरून म्हणते?

एक उदाहरण घेऊ. तासगाव तालुक्यातले, साखर कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ. पॉलिसी सुरू झाली 10 ऑगस्ट 2022 ला. गावच्या डॉक्टरांकडे बीपी पहिल्यांदा सापडलं नोव्हेंबर 2023 मध्ये, तेव्हा गोळी सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये मिरजेत अँजिओप्लास्टी, बिल 2 लाख 60 हजार. डिस्चार्ज कार्डावर ‘पाच वर्षांपासून बीपी’. त्या हिशेबानं आजार 2020 पासूनचा ठरतो, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा.

पहिलं काम पत्र लिहिण्याचं नाही, कागद मागण्याचं आहे. कंपनीकडे तुमच्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागा. तो फॉर्म पुष्कळदा एजंटनं भरलेला असतो आणि आपण नुसती सही केलेली असते. आजारांच्या रकान्यात काय टिक केलं आहे, हे बघितल्याशिवाय अपिलाचा एक शब्दही लिहू नका. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम दिलेलं असलं पाहिजे. ‘अटींनुसार नामंजूर’ एवढंच असेल तर कलम कोणतं, ते लेखी विचारा. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ती मंजुरी घेतली होती का, हेही त्याच पत्रात विचारा.

पॉलिसीची पूर्ण पुस्तिका उघडून ‘आधीपासूनचा आजार’ याची व्याख्या काढा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर उपचार सुचवले वा घेतले गेले, असा आजार, असा तिचा आशय असतो. हा काळ नव्या नियमांत 36 महिने आहे, जुन्या पॉलिसींत 48 महिने आढळतो. महत्त्वाचं हे की व्याख्या निदान आणि उपचार यांबद्दल बोलते, आणि नातेवाइकाचा अंदाज हे निदान नव्हे. अपिलाचा कणा हाच.

आता सगळ्यात अवघड कागद. बीपी पहिल्यांदा कधी सापडलं, याचा पुरावा. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी कुणी जपून ठेवत नाही. तरी त्यांच्या ओपीडी रजिस्टरमधली नोंद मिळते का बघा, त्या पानाची सही-शिक्क्यानिशी प्रत घ्या. मेडिकल दुकानदाराकडे संगणकावर जुनी बिलं असतात, त्यात पहिल्या गोळीची तारीख निघते. त्याहून भारी कागद म्हणजे पॉलिसीच्या आधी बीपी नॉर्मल असल्याचा. आपल्या उदाहरणात कारखान्याच्या आरोग्य तपासणीचा मार्च 2022 चा कागद होता, त्यावर बीपी 124/80. लोक असे कागद रद्दीत घालतात. कृपा करून घालू नका.

दवाखान्याकडून दोन गोष्टी लागतात. एक, पूर्ण इनडोअर केस पेपर. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, तरी ‘पुढच्या सोमवारी या’ हे ऐकावं लागतंच. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. दोन, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवर प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांकासह. त्यात माहिती कुणी दिली होती, तिला कागदी आधार होता का आणि तपासलेल्या कागदांवरून बीपी कधीपासून दिसतं, हे यावं. नुसतं ‘चुकून लिहिलं गेलं’ असं प्रमाणपत्र कंपनी सहज बाजूला सारते, कारण ते नकारानंतरचं असतं. त्याला त्या-त्या वेळच्या जुन्या कागदांची जोड हवी. आणि डिस्चार्ज कार्डावर खाडाखोड करून किंवा नवं कार्ड छापून आणू नका. आधीची प्रत कंपनीकडे आहेच. दोन वेगळी कार्डं दिसली की खरा क्लेमही संशयात जातो.

पत्राचा मजकूर दीड पानाच्या वर नको. पॉलिसी आणि क्लेम क्रमांक, नकाराच्या पत्राची तारीख, त्यातलं कलम जसंच्या तसं. मग असं : ‘‘आपण डिस्चार्ज कार्डावरील एका नोंदीवरून आजार पॉलिसीपूर्व ठरवला आहे. ही नोंद नातेवाइकाच्या तोंडी माहितीवरून झाली (जोडपत्र 1, डॉक्टरांचे प्रमाणपत्र). मार्च 2022 मध्ये रक्तदाब 124/80 होता (जोडपत्र 2). पहिले निदान व औषध नोव्हेंबर 2023 मधील आहे (जोडपत्र 3 व 4). पॉलिसी 10 ऑगस्ट 2022 पासून सुरू असल्याने व्याख्येनुसार हा आधीपासूनचा आजार ठरत नाही. पॉलिसीपूर्व निदान वा उपचाराचा कागद आपल्याकडे असल्यास त्याची प्रत द्यावी.’’ शेवटचं वाक्य गाळू नका.

‘बीपीचा आणि हृदयाचा काय संबंध’ हा मुद्दा इथं घालू नका. संबंध आहे, कंपनीचा डॉक्टर तो दाखवून देईल आणि तुमचा खरा मुद्दा झाकला जाईल. बीपीची गोळी खरंच 2020 पासून चालू असेल, तर हे अपील टिकणार नाही, हेही आधीच सांगतो. मात्र पॉलिसीला खंड न पडता 60 महिने पूर्ण झाले असतील, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही. पोर्ट केलेल्या पॉलिसीत आधीच्या कंपनीकडची वर्षंही धरतात. विमा रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरते 60 महिने वेगळे मोजतात.

पत्र जातं कुणाकडे, इथंच पुष्कळांचं वर्ष वाया जातं. कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला मेल, कॉल सेंटरला फोन, एजंटला व्हॉट्सअॅप, यांतलं काहीही तक्रार म्हणून धरलं जाईल या भरवशावर राहू नका. पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं ईमेलनं आणि स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती जपा. कंपनीनं 14 दिवसांत निकाल द्यायचा असतो. तीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in वर नोंदवता येते.

कंपनीनं पुन्हा नाकारलं, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या कार्यालयाकडे येतात, ते नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. अर्ज cioins.co.in वरही होतो. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीला आधी लेखी तक्रार केल्याशिवाय गेलात तर अर्ज घेत नाहीत. मुदत एक वर्षाची : तक्रारीवर नकार आला तर तो मिळाल्यापासून, उत्तरच आलं नाही तर तो एक महिना संपल्यापासून. ‘वरिष्ठांकडे फाईल गेली आहे’ या तोंडी आश्वासनानं ही मुदत थांबत नाही.

ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल त्याच प्रकरणाला हात लावत नाहीत. म्हणून आधी लोकपाल. तिथला निवाडा मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते, पण तिथली दोन वर्षांची मुदत नकाराच्या पहिल्या पत्रापासून धरूनच चाला.