सबटायटल म्हणजे जाहिरात नव्हे: आमच्याकडून ई-बुक करून घेणाऱ्या लेखकांसाठी

निपाणी, खानापूर, चिकोडीकडनं कादंबऱ्या येतात तेव्हा टायपिंगपेक्षा जास्त वेळ एका गोष्टीत जातो, ती म्हणजे टायटल-सबटायटलचा फॉर्म. केडीपीवर (म्हणजे किंडलवर) अकाउंट कसं काढायचं हे बहुतेकांना माहीत असतं, तर त्यात शिरत नाही.

एक उदाहरण घ्या, नावं काल्पनिक आहेत. टायटल ‘वखारीतला दिवा’, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीतला खून आणि त्याचा तपास. लेखकानं सबटायटल दिलं, ‘थरारक, रोमांचक, सस्पेन्सने भरलेली बेस्टसेलर मराठी कादंबरी’. आता पुस्तक अजून बाहेरच पडलं नाही तर बेस्टसेलर कसलं ओ? सबटायटललाही टायटलचेच नियम लागतात, असले दावे चालत नाहीत आणि पुस्तक अडकतं. बरं पास झालं तरी वाचकाला त्यातनं कथेबद्दल काही कळत नाही. आम्ही सुचवलं, ‘निपाणीच्या तंबाखू बाजारातली एक रहस्यकथा’. टायटल आणि सबटायटल मिळून २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, पण ती भरलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

कव्हरवर ‘वखारीतील’ आणि फॉर्ममध्ये ‘वखारीतला’ असं झालं तरी अडतं, म्हणून टायटल फायनल झाल्याशिवाय आम्ही कव्हरला हात लावत नाही. काहींना हा हट्टीपणा वाटतो, वाटू दे.

कीवर्डचे सात बॉक्स असतात, प्रत्येकी ५० कॅरेक्टर. त्यात लोक ‘कादंबरी’, ‘मराठी’, स्वतःचं नाव आणि परत टायटलच टाकतात. टायटल आणि लेखकाचं नाव सर्चला आधीच मिळालेलं असतं, ते बॉक्स फुकट गेले. दुसऱ्या नामवंत लेखकाचं नाव टाकायला तर बंदीच आहे. वाचक काय टाइप करून हुडकतो ते धरून भरा, एका बॉक्समध्ये एक पूर्ण वाक्प्रयोग: ‘तंबाखू व्यापार खून तपास’, ‘सीमाभाग ग्रामीण रहस्यकथा’, आणि मोबाईलवर बरेच जण इंग्रजी अक्षरांतच मराठी टाइप करतात म्हणून एक-दोन बॉक्स असे:

```
marathi rahasya katha
marathi gramin kadambari
```

अवतरण चिन्हं मात्र घालू नका, त्यानं सर्च अरुंद होतो.

कॅटेगरी तीनपर्यंत मिळतात. लेखकांना साहित्यिक कादंबरीच हवी असते, मान वाटतो त्यात, पण खून आणि तपास असेल तर पहिली कॅटेगरी रहस्यकथेचीच घ्या, नाहीतर रहस्य वाचणाऱ्याला पुस्तक दिसणार कुठं. उरलेल्या दोनमध्ये हवं तर साहित्यिक ठेवा.

कीवर्ड-कॅटेगरी नंतरही बदलता येतात, फक्त परत रिव्ह्यूला जातं, त्याला ७२ तासांपर्यंत लागू शकतात. हे सगळं आमच्या पॅकेजमध्येच आहे आणि प्रकाशनानंतर एक दुरुस्ती मोफत, दुसऱ्या दुरुस्तीला चार्ज पडेल. सबटायटल, कीवर्ड, कॅटेगरी ठरवायला कथेचा दहा ओळींचा सारांश शेवटासकट पाठवा, आम्ही कुणाला सांगत नाही खुनी कोण ते.