ताकिदीकडून विनंतीकडे: हातांच्या स्वच्छतेच्या परिपत्रकामागचा इतिहास

‘सर्व संबंधितांना पुनश्च सूचित करण्यात येते की, हातांच्या स्वच्छतेचे नियम काटेकोरपणे पाळावेत; हयगय आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ या धाटणीचे परिपत्रक रुग्णालयात काम केलेल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा वाचलेले असते, त्यावर सही केलेली असते आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एकही शब्द त्याला आठवत नाही. अलीकडे मात्र संसर्ग नियंत्रण समित्या याच विषयावर निराळ्या भाषेत लिहू लागल्या आहेत. त्यात कारवाईचा उल्लेख नसतो, रुग्णाचा असतो. आणि कर्मचाऱ्यांनी काय करावे याच्या आधी रुग्णालयाने काय केले आहे ते सांगितलेले असते. हा बदल कोणाच्या सौजन्यामुळे झालेला नाही. नियम बरोबर असूनही तो सांगण्याची रीत चुकल्याने काय होते, याचा अनुभव त्यामागे आहे.

सुरुवात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात होते. तेथे डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, तर शेजारच्या दुसऱ्या विभागात सुईणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील सुमारे अकरा बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनपेक्षाही कमी. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून दगावले आणि त्यांच्या मृतदेहात बाळंतिणींसारखीच लक्षणे आढळली, तेव्हा पहिल्या विभागातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना दुवा सापडला. विच्छेदनाच्या टेबलावरून थेट प्रसूतिकक्षात येणारे हातच प्रेतातील कण घेऊन येत होते. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. साबणाने धुतल्यावरही हातांना मृतदेहाचा वास येत राही आणि या द्रावणाने तो जाई, म्हणून त्यांनी ते निवडले होते. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले.

आजच्या परिपत्रकाच्या दृष्टीने १८४७ च्याच शरद ऋतूतील घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक स्त्री प्रसूतिकक्षात पहिल्याच खाटेवर होती आणि तपासणीची फेरी तिच्यापासून सुरू होई. तपासणारे कक्षात शिरताना द्रावणात हात धूत, पण तिला तपासल्यानंतर पुढच्या खाटेकडे जाण्यापूर्वी केवळ साबण वापरत. तेव्हा प्रसूत होत असलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. संसर्ग केवळ मृतदेहातून येत नाही, जिवंत रुग्णाकडूनही हातावर चढतो, हे सेमेलवाइस यांना येथे कळले आणि त्यांनी प्रत्येक रुग्णानंतर द्रावणात हात धुण्याचा नियम केला. म्हणजे ‘ड्युटीवर येताना हात धुवा’ हा नियम ‘एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हात धुवा’ असा झाला. आज वॉर्डात जे अवघड जाते, ते नेमके हेच.

पुरावा इतका ठळक असूनही नियम पसरला नाही, याची कारणे अनेक होती. जंतूंची कल्पना अजून रुजलेली नव्हती, सेमेलवाइस यांनी आपले निष्कर्ष सविस्तर छापायला १८६१ साल उजाडू दिले आणि द्रावणाने कातडी सोलवटे. पण एक कारण भाषेचेही होते. ग्रंथाला विरोध झाल्यावर त्यांनी नामवंत प्राध्यापकांना खुली पत्रे लिहिली आणि न ऐकणाऱ्यांना खुनी ठरवले. त्यांचा संताप मला समजतो, कारण त्यांनी ते मृत्यू स्वतः पाहिले होते. तरीही आपल्याच हातांनी आपल्या रुग्णांचा जीव गेला हे मान्य करणे डॉक्टरांना आधीच असह्य होते आणि त्या पत्रांनी ते मान्य करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. १८६५ साली सेमेलवाइस एका मनोरुग्णालयात मरण पावले.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे हात धुणे पाठ्यपुस्तकात होते, पण वॉर्डात ते किती होते हे क्वचितच मोजले जाई. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या गटाने १९९४ साली ते मोजले. निरीक्षक वॉर्डात बसून हात स्वच्छ करण्याची गरज असलेला प्रत्येक प्रसंग टिपत होते. असे प्रसंग शंभर आले, तर हात अठ्ठेचाळीस वेळाच स्वच्छ केले जात होते. त्याहून बोलके निरीक्षण असे की, काम जितके जास्त तितके हे प्रमाण कमी होते आणि अतिदक्षता विभागात, जिथे रुग्ण सर्वांत नाजूक, तिथे ते सर्वांत खाली होते. याच सुमारास आणखी दोन डॉक्टरांनी वेळेचा हिशेब मांडला. अतिदक्षता विभागातील बारा कर्मचाऱ्यांनी प्रत्येक वेळी सिंकपाशी जाऊन साबणाने हात धुतले, तर एका पाळीत सर्वांचे मिळून सोळा तास त्यातच जातील. खाटेजवळच्या बाटलीतून अल्कोहोलचा हँडरब घेतला, तर तीन तास.

हा हिशेब कळल्यावर ‘कर्मचारी निष्काळजी आहेत’ हे म्हणणे टिकत नाही. जी सिस्टर एकटी दहा-बारा रुग्ण सांभाळते, तिला वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनपर्यंत तासाला वीस वेळा जा म्हणणे म्हणजे अशक्य काम सांगून वर ते न केल्याचा ठपका ठेवणे होय. जिनिव्हाच्या गटाने म्हणून आधी वस्तू बदलली. खाटांना हँडरबच्या बाटल्या अडकवल्या, खिशात मावतील अशा लहान बाटल्या वाटल्या आणि मग भिंतींकडे मोर्चा वळवला. भित्तिपत्रकांतील कल्पना रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांकडूनच मागवल्या, एका चित्रकाराकडून ती रंगीत व्यंगचित्रे करून घेतली आणि ती सतत बदलत ठेवली, कारण रोज दिसणारा कागद आठवड्याभरात भिंतीचाच भाग होऊन जातो. १९९७ पर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण सहासष्ट टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात आल्यावर संसर्ग झालेल्या रुग्णांचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. यात एक उणीव राहिलीच: परिचारिकांमध्ये सुधारणा स्पष्ट होती, डॉक्टरांमध्ये मात्र फारशी झाली नाही.

परिपत्रकाच्या शब्दांपर्यंत हा धागा आणला तो २०११ सालच्या एका साध्या प्रयोगाने. अ‍ॅडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी एका रुग्णालयात साबण व जेलच्या यंत्रांवर तीन प्रकारचे फलक लावले. हातांची स्वच्छता ‘तुम्हाला’ आजारांपासून वाचवते, असे एक सांगत होता. दुसऱ्यात ‘तुम्हाला’ या जागी ‘रुग्णांना’ होते. तिसऱ्यावर आत येताना जेल, बाहेर जाताना धुणे, एवढीच सूचना होती. कोणाला काही न विचारता, यंत्रातून किती साबण आणि जेल खर्च झाले ते फलक लावण्यापूर्वी आणि नंतर मोजले. रुग्णांचा उल्लेख असलेल्या फलकापाशी वापर लक्षणीय वाढला. इतर दोन्हींचा तसा परिणाम दिसला नाही.

यामागचे कारण वॉर्डात राहिलेल्या माणसाला लगेच पटेल. वर्षानुवर्षे रोग्यांत वावरून स्वतःला फारसे काही होत नाही, हा अनुभव प्रत्येक जुन्या सिस्टरच्या आणि वॉर्डबॉयच्या गाठीशी असतो, त्यामुळे ‘तुम्हाला बाधा होईल’ हा इशारा त्याच्या स्वतःच्या अनुभवाशीच विसंगत ठरतो. समोरच्या रुग्णाबद्दल मात्र असा भ्रम नसतो. त्याच्या हाताला सलाईन लागलेले आणि पोटावर ताजे टाके डोळ्यांना दिसत असतात. प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी: मोजमाप काही आठवड्यांचेच होते आणि फलक वर्षभर तसाच लटकत राहिला असता तर काय झाले असते, हे त्यातून कळत नाही.

धाकाचे काय होते, तेही मोजले गेले आहे. कॅनडातील एका रुग्णालयात हँडरबच्या यंत्रांवरील इलेक्ट्रॉनिक नोंदी तपासल्या, तेव्हा निरीक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण इतर वेळेच्या जवळपास तिप्पट निघाले. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या आणखी एका अभ्यासात वैयक्तिक इलेक्ट्रॉनिक देखरेखीने पालन वाढले, पण देखरेख काढल्यावर ते पूर्वीपेक्षाही खाली गेले. ‘कोणी पाहत आहे म्हणून’ हे कारण एकदा मनात बसले की, पाहणारा गेल्यावर मूळचे कारणही शिल्लक राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली पाच क्षणांची मांडणी जगभर नेली. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, असे ते पाच क्षण. चांगले परिपत्रक ही यादी जशीच्या तशी छापत नाही. ते एक काम उचलून त्यात हे क्षण दाखवते. सिस्टर सात नंबरच्या खाटेवर सलाईनमधून इंजेक्शन द्यायला जाते. नाडी पाहण्यासाठी मनगट धरण्याआधी एकदा हँडरब. मग ती खाटेची कड वर करते, चादर सारखी करते, आणि तेच हात सलाईनच्या तोंडाकडे जातात. चूक बहुतेकदा येथे होते, कारण ‘हात तर आत्ताच स्वच्छ केले’ असे तिला प्रामाणिकपणे वाटत असते. सलाईनचे तोंड उघडण्यापूर्वी दुसऱ्यांदा हात स्वच्छ करायचे असतात, हे वाक्य परिपत्रकात असले तर ते तिच्या कामाचे असते. ‘नियम काटेकोरपणे पाळावेत’ हे नसते.

या सगळ्या अनुभवातून आलेला मसुदा साधारण असा होतो: ‘मागील आठवड्यात प्रत्येक खाटेजवळ हँडरबची बाटली बसवली आहे. हात पूर्ण ओले होतील इतका हँडरब घेऊन तो सुकेपर्यंत, म्हणजे वीस ते तीस सेकंद, बोटांची टोके आणि अंगठे धरून चोळावा. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणारा जुलाब असेल, तर साबण आणि पाणीच वापरावे, कारण त्याच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. हातमोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावेत. राउंडच्या वेळी वरिष्ठ डॉक्टरांनी प्रत्येक खाटेपाशी हे आधी स्वतः करावे, अशी त्यांना विनंती आहे. टाके ओले असलेल्या रुग्णांना आपल्या हातांवाचून दुसरे संरक्षण नाही. बाटली रिकामी दिसली किंवा हँडरबने हातांची आग होत असेल, तर संसर्ग नियंत्रण सिस्टरना कळवावे. बाटली त्याच पाळीत बदलली जाईल आणि त्वचेसाठी मलम दिले जाईल.’

या मसुद्यातील शेवटचे वाक्य बहुतेक रुग्णालये गाळतात, कारण ते कर्मचाऱ्यांना नव्हे, प्रशासनाला बांधून घेते. क्लोरीनने सोललेले व्हिएन्नातील हात आणि वॉर्डाच्या टोकाला असलेले बेसिन यांचे उत्तर मात्र त्याच वाक्यात आहे. बाटली दोन दिवस रिकामी राहिली, तर वरची सगळी वाक्ये कोणी वाचणार नाही.