तुलना-स्क्रीनशॉटवरून फोनचे भारित गुणांकन

दोन-तीन फोनच्या तुलना-तक्त्याचे स्क्रीनशॉट समोर ठेवून, ग्राहकाचे बजेट आणि गरजा यांनुसार प्रत्येक निकषाला भारांक द्यायचा आणि एकूण गुणांवरून फोन निवडायचा, अशी ही पद्धत आहे. जीएसएमअरेना, ९१मोबाइल्स, स्मार्टप्रिक्स यांसारख्या संकेतस्थळांवरचे तक्ते यासाठी वापरले जातात. गणित शाळकरी आहे. खरी मेहनत असते ती स्क्रीनशॉट नीट वाचण्यात आणि गुणांची पट्टी ठरवण्यात.

स्क्रीनशॉट वाचताना. लांब तक्ता तुकड्यातुकड्यांत टिपला की खालच्या तुकड्यांत फोनची नावे दिसेनाशी होतात आणि रकान्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातली एखादी ओळ पुन्हा आलेली असावी. त्यानंतर व्हेरियंट जुळतो का ते पाहावे. पुष्कळदा किंमत ६ जीबी रॅमच्या फोनची असते आणि खालची माहिती ८ जीबीच्या फोनची. ‘८ + ८ जीबी’ असे लिहिले असेल तर दुसरे ८ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ असल्याने गुण पहिल्या ८ लाच द्यावेत. रिकामा रकाना किंवा ‘-’ याचा अर्थ ‘माहिती दिलेली नाही’ असाही असतो. तिथे शून्य न टाकता कंपनीच्या पानावर खात्री करावी.

बजेट ही चाळणी. मर्यादेबाहेरचा फोन आधीच बाद करावा. किमतीला नुसता भारांक दिला, तर कॅमेऱ्याचे गुण महागड्या फोनला तारून नेतात आणि परवडत नसलेला फोन पहिला येतो. चाळणीला लावायची ती ग्राहकाला प्रत्यक्ष मोजावी लागणारी रक्कम. ठळक अक्षरांतली किंमत बँक ऑफर किंवा जुन्या फोनचा एक्स्चेंज धरून दाखवलेली असू शकते.

एक उदाहरण. ग्राहक दिवसभर दुचाकीवर फिरणारा विक्री प्रतिनिधी आहे आणि बजेट २०,००० रुपये. समोर तीन काल्पनिक फोन आहेत. ‘क’ १९,९९९ रुपयांना दिसतो, पण त्यात २,००० रुपयांची कार्ड-सवलत धरली आहे आणि ते कार्ड ग्राहकाकडे नाही. ‘क’ बाद. उरले ‘अ’ आणि ‘ब’. ग्राहकाशी बोलून भारांक ठरले: बॅटरी ३०, सुरक्षा अपडेट २५, कॅमेरा २०, वेग १५, स्क्रीन १०, बेरीज १००.

आता प्रत्येक निकषाला दहापैकी गुण द्यायचे. इथे सर्वांत जास्त फसगत होते. समोरच्या फोनपैकी सर्वांत चांगल्याला १० आणि सर्वांत वाईटाला ० दिले, तर ५,२०० आणि ५,००० एमएएच या किरकोळ फरकालाही पूर्ण दहा गुणांचे अंतर पडते. त्याऐवजी पट्टी फोन पाहण्याआधी ठरवावी. या उदाहरणात बॅटरीसाठी ४,५०० एमएएचला ० आणि ६,५०० ला १० धरले. त्यामुळे ६,००० वाल्या ‘अ’ला ७.५ आणि ५,००० वाल्या ‘ब’ला २.५ मिळाले. अपडेटची पट्टी सहा वर्षांना १० अशी आहे. ‘अ’ला तीन वर्षे, म्हणून ५; ‘ब’ला सहा, म्हणून १०. कॅमेऱ्याचे गुण मेगापिक्सेलवर न देता रात्री काढलेले नमुना-फोटो आणि हात हलला तरी फोटो अस्पष्ट होऊ न देणारी ओआयएस सोय पाहून दिले: ४ आणि ७. वेगाचे ७ आणि ६, स्क्रीनचे ५ आणि ८. वेगाचे गुण एकदाच द्यायचे. प्रोसेसर आणि बेंचमार्क हे दोन वेगळे निकष केले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

प्रत्येक गुणाला भारांकाने गुणून, बेरजेला १०० ने भागले की ‘अ’ला ५.८५ आणि ‘ब’ला ६.३५ येतात.

निकाल किती पक्का? इतक्या थोड्या फरकावर विसंबू नये. अपडेटचे ५ भारांक काढून बॅटरीला दिले की दोघांचे बरोबर ५.९७५ होतात, १० हलवले की ‘अ’ ६.१० आणि ‘ब’ ५.६०, म्हणजे क्रमच उलटतो. असे झाले की दशांशांत वेळ घालवण्यापेक्षा ज्या निकषावर निकाल अडला आहे त्याबद्दल ग्राहकालाच विचारावे. इथे प्रश्न एकच: फोन किती वर्षे वापरणार?

तो दर तीन वर्षांनी फोन बदलत असेल, तर चौथ्या ते सहाव्या वर्षाचे अपडेट त्याच्या उपयोगाचे नाहीत. मग पट्टी तीन वर्षांना १० अशी होते आणि दोन्ही फोनना अपडेटचे पूर्ण गुण मिळतात. मूळ भारांक तेच ठेवूनही ‘अ’ ७.१० वर जातो, ‘ब’ ६.३५ वरच राहतो. सहा वर्षे वापरणाऱ्यासाठी मात्र पहिलीच पट्टी योग्य आहे. तिथे ‘ब’ची आघाडी थोडी असल्याने त्याची ५,००० एमएएच बॅटरी कामाचा पूर्ण दिवस पुरते का, हे चाचणी-अहवालांतल्या प्रत्यक्ष तासांवरून तपासून मगच निर्णय घ्यावा.