इन्सुलिन पेन: भाग ठरलेला, ठिपका रोज नवा

पेन कसं धरायचं, डायल कसा फिरवायचा हे दवाखान्यात दाखवलेलं असतं आणि बहुतेकांना ते चार दिवसांत जमतंही. म्हणून ते थोडक्यात सांगते. दर वेळी नवी सुई लावायची. आधी 2 युनिट डायल करून सुई वर धरून बटण दाबायचं; टोकाला थेंब दिसला तरच पेन चालू आहे असं समजायचं, नाही दिसला तर पुन्हा 2 युनिट. मग आपला डोस लावायचा, 4 मिलिमीटरची सुई सरळ, नव्वद अंशात टोचायची, बटण शून्यापर्यंत दाबायचं आणि दाबलेलंच ठेवून सावकाश दहा मोजायचे. मगच सुई बाहेर काढायची. अंगकाठी फार बारीक असेल किंवा सुई लांब असेल, तर कातडी चिमटीत हलकी उचलावी लागते. ते एकदा नर्सकडून बघून घ्या.

घोळ होतो तो पुढच्या एका वाक्यात: "जागा बदलत राहा." एवढंच सांगून पेशंटला घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही, कारण त्या वाक्यात दोन वेगळ्या सूचना आहेत आणि ऐकणारा त्यातली चुकीचीच उचलतो.

पहिली गोष्ट म्हणजे शरीराचा भाग: पोट, मांडी, दंड, कुल्ला. दुसरी म्हणजे त्या भागातला नेमका ठिपका, जिथे सुई शिरते. ठिपका रोज बदलायचा असतो. भाग मात्र रोज बदलायचा नसतो. पोटातून इन्सुलिन लवकर रक्तात जातं, मांडीतून आणि कुल्ल्यातून हळू. काही नव्या इन्सुलिनमध्ये हा फरक कमी असतो, पण जुन्या प्रकारांत तो चांगलाच जाणवतो. सोमवारी सकाळी पोटात, मंगळवारी सकाळी मांडीत, बुधवारी दंडात असं केलं, तर डोस तोच राहतो पण शुगर रोज वेगळी येते, आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. म्हणून वेळेला भाग बांधून घ्यायचा. सकाळचं इन्सुलिन पोटात ठरलं तर रोज सकाळी पोटातच. रात्रीचं मांडीत ठरलं तर रोज रात्री मांडीतच. कोणत्या वेळेला कोणता भाग, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उलट चूक याहून जास्त दिसते. "मी बदलते ना, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे." हे ऐकलं की मी आधी पोट तपासते. बेंबीच्या डावीकडे एक ठिपका आणि उजवीकडे एक ठिपका, वर्षभर तेच दोन! हात आपोआप तिथेच जातो, कारण तिथे दुखत नाही. न दुखणं हीच धोक्याची खूण आहे. एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा टोचलं की इन्सुलिनच्या परिणामाने तिथली चरबी फुगते आणि रबरासारखी गाठ होते. वापरलेली सुई पुन्हा वापरणाऱ्यांना ही गाठ जास्त होते. गाठीत टोचलेलं कळत नाही, आणि तिथलं इन्सुलिन रक्तात कधी कमी जातं, कधी उशिरा जातं.

एका आजींचं उदाहरण घेऊ. रात्री 18 युनिट, कायम बेंबीच्या दोन बाजूंना. सकाळची उपाशीपोटीची शुगर एक दिवस 120, दुसऱ्या दिवशी 230. खाण्यात फरक नाही. डोस वाढवत वाढवत 24 युनिटवर गेला. मग कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एका रात्री तेच 24 युनिट मांडीच्या निरोगी कातडीत घेतलं. पहाटे दरदरून घाम, हात थरथरत होते, शुगर 58. गाठीत अर्धवट पोहोचणारा डोस निरोगी जागेतून पूर्ण पोहोचला होता. त्यामुळे तुमच्या पोटावर गाठ असेल तर तिथे टोचणं थांबवाच, पण जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस बहुधा कमी करावा लागतो आणि पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी लागते. गाठ हळूहळू, काही महिन्यांत, ओसरते. तोपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही.

गाठ डोळ्यांना दिसेलच असं नाही. अंघोळीच्या वेळी ओल्या, साबणाच्या बोटांनी पोट आणि मांड्या सावकाश चाचपा. निरोगी कातडी चिमटीत पातळ येते. गाठीवर चिमूट जाड आणि घट्ट लागते. उतारवयात बोटांची संवेदना कमी झाली असेल तर घरातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा चाचपायला सांगा, आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना पोट तपासायला लावा. त्यांनी आपणहून तपासण्याची वाट बघू नका.

आता ठिपका कसा बदलायचा. बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडून पोटाचे चार भाग धरा: वर उजवा, वर डावा, खाली डावा, खाली उजवा. एक आठवडा एकाच भागात टोचायचं. त्या भागात आज जिथे टोचलं, तिथून उद्या निदान एक बोट दूर. सात दिवसांत सात ठिपके होतात. पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढचा भाग. असं केलं की पहिल्या भागात तुम्ही चार आठवड्यांनी परतता आणि कातडीला तेवढी विश्रांती मिळते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठवड्याला 1, 2, 3, 4 असे आकडे लिहून ठेवा. आठवणीवर सोडू नका. आठवणीवर सोडलेला हात जुन्याच ठिपक्यावर जातो. मांडीत घेत असाल तर वरचा बाहेरचा भाग वापरा, गुडघ्याजवळ किंवा आतल्या बाजूला नको, आणि एक आठवडा एक मांडी.

साठवणीतला गोंधळ त्यामानाने सोपा आहे. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांत. फ्रीजरमध्ये नाही आणि फ्रीजरच्या भिंतीला चिकटूनही नाही; एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन मात्र बाहेर ठेवलेलं चालतं, साधारण 30 अंशांच्या आत, उन्हापासून दूर. गार इन्सुलिन जास्त झोंबतं, म्हणून मला बाहेरच ठेवलेलं बरं वाटतं. बऱ्याच पेनांची वापरातली मुदत 28 दिवसांची असते, काहींची कमी, काहींची जास्त. ती खोक्यातल्या कागदावर बघा आणि पेन सुरू केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून पेनाला लावा. सुई लावून पेन ठेवू नका, हवा आत शिरते आणि इन्सुलिन गळतं.

दुधाळ इन्सुलिन असेल तर टोचण्याआधी पेन तळहातांमध्ये दहा वेळा फिरवा आणि दहा वेळा वर-खाली उलटं करा, सगळं एकसारखं पांढरं होईपर्यंत. जोरात हलवायचं नाही. स्वच्छ पाण्यासारखं असायला हवं ते इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळात न मोडणाऱ्या गुठळ्या दिसल्या, तर ते पेन बाजूला काढा आणि नवीन सुरू करा.